अंगठा कोणता मोकळा आहे?

'रॉकेट लीग'मध्ये गाड्या फुटबॉल खेळतात. सामना सुरू होण्याआधी पडद्यावर उलटी मोजणी होते: 3, 2, 1. तेवढ्या वेळात चेंडूवर कोण धावणार आणि गोल कोण सांभाळणार, हे टीमला ठरवायचं असतं. हातात कीबोर्ड नाही, कंट्रोलर आहे, आणि माइक सगळेच लावत नाहीत. म्हणून खेळाडू डी-पॅडची, म्हणजे डावीकडच्या अधिक चिन्हासारख्या बटणाची, एक दिशा दाबतो. चार तयार वाक्यं समोर येतात. दुसरी दिशा दाबली की त्यांतलं एक टीमला दिसतं: "I got it!" चार गट, प्रत्येकात चार वाक्यं, एकूण सोळा निरोप. प्रत्येकाला फक्त दोन दाब लागतात.

अशा दिशांच्या मेन्यूचं मूळ गेमपेक्षा जुनं आहे. 1988 मध्ये अमेरिकेत जॅक कॅलहान, डॉन हॉपकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ पर्यायांचा गोल मेन्यू आणि नेहमीची उभी यादी यांची तुलना केली. गोल मेन्यूत लोकांना हवी ती गोष्ट साधारण 15 टक्के लवकर सापडली. मध्यापासून सगळे पर्याय सारख्याच अंतरावर असतात, फक्त दिशा बदलते. ती एकदा हाताला बसली की मेन्यूकडे पाहावंही लागत नाही.

पण गेममध्ये खरी अडचण वेगळीच निघते. निरोप द्यायला बोट कुठून आणायचं?

'ॲपेक्स लेजंड्स' या नेमबाजीच्या गेममध्ये ती नीट दिसते. तिथे प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर R1 आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर RB हे पिंगचं बटण आहे. हलकं दाबलं की नजरेसमोरच्या जागी खूण उमटते, पटकन दोनदा दाबलं की शत्रूची खूण पडते, आणि दाबून धरलं तर खणांचं चक्र उघडतं. खण निवडायचा तो उजव्या स्टिकने, आणि नेम धरण्याची स्टिकही तीच. म्हणजे चक्र उघडं असेपर्यंत बंदुकीचा नेम हलवता येत नाही. डाव्या अंगठ्याने पळणं मात्र चालू राहतं. म्हणून शत्रू समोर असताना चक्राच्या वाटेला जाऊ नये. दोनदा दाबण्याची शत्रूची खूण अशा वेळेसाठीच आहे. चक्र आडोशाला उघडावं.

औषधांच्या चक्राची गोष्ट उलटी. ते डी-पॅडची वरची दिशा दाबून धरल्यावर उघडतं. त्यासाठी डावा अंगठा पळण्याच्या स्टिकवरून उचलावा लागतो आणि खेळाडू जागीच उभा राहतो. गोळीबारात हे महागात पडतं. यावर दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा: आधी शांतपणे हवं ते औषध चक्रातून निवडून ठेवायचं. नंतर तेच बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं की निवडलेलं औषध वापरलं जातं, चक्र उघडावंच लागत नाही. दुसऱ्या उपायाला पैसे पडतात. एक्सबॉक्स एलिटसारख्या कंट्रोलरला मागच्या बाजूला पॅडल असतात. डी-पॅडची वरची दिशा डाव्या पॅडलला जोडून दिली की ते मधल्या बोटाने दाबता येतं आणि दोन्ही अंगठे आपापल्या स्टिकवर राहतात. बटणांची मांडणी बदलायची असेल तर सर्वांत आधी हाच बदल करून पाहावा.

नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते ती सोडण्याच्या क्रमात. बहुतेक चक्रांत बटण सोडल्यावर निवड पक्की होते. घाईत अंगठा स्टिकवरून आधी उचलला तर स्टिक मध्यावर परत येते, मग काहीच निवडलं जात नाही किंवा भलताच निरोप जातो. आधी बटण सोडायचं, मग स्टिक. तरीही चुकीचा खण लागत असेल तर कंट्रोलर तपासावा. स्टिकला हात न लावता चक्र उघडायचं. एखादा खण आपोआप उजळला तर स्टिक झिजून एका बाजूला सरकते आहे. सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मध्याभोवतीचा दुर्लक्षित भाग, थोडा वाढवला की हा त्रास बराच कमी होतो.

'रॉकेट लीग'मध्ये कुठलं वाक्य कुठल्या दिशेला ठेवायचं, हे सेटिंगमध्ये बदलता येतं. तिथेही डाव्या अंगठ्यानेच गाडी वळवायची असते. त्यामुळे सर्वांत निकडीचे निरोप, जसे "I got it!" आणि "Defending...", एकच दिशा दोनदा दाबून जातील अशा ठिकाणी ठेवावेत. अंगठा सरकवावा लागत नाही आणि चूकही कमी होते. कौतुकाची वाक्यं आडवळणाला असली तरी चालतात, ती गोल झाल्यावरच लागतात. लागोपाठ निरोपांचा मारा केला तर गेम काही सेकंद चॅट बंद करतो, आणि नेमका तेव्हाच कामाचा निरोप अडकतो.

मांडणी बदलल्यावर लगेच खऱ्या सामन्यात उतरू नका. 'ॲपेक्स'मध्ये फायरिंग रेंज आहे. तिथे पळता पळता चक्र उघडून, पडद्याकडे न पाहता हवा तो खण लागतो का, ते आधी पाहा.