ओळखीच्या साखळीतले फेरीवाले

दादर स्टेशनबाहेरच्या सगळ्या फेरीवाल्यांची यादी कुणाकडेच नसते, त्यामुळे चिठ्ठ्या टाकून नमुना निवडता येत नाही. मग संशोधक एका भाजीवालीशी बोलतो आणि तिलाच विचारतो, "ताई, अजून कुणाशी गाठ घालून द्याल?" ती शेजारच्या दोघींची नावं सांगते, त्या पुढच्यांची. याला स्नोबॉल सॅम्पलिंग म्हणतात.

अडचण अशी, की ती बहुधा आपल्याच गावच्या, आपल्याच रांगेतल्या बायकांकडे पाठवते. पुलावर एकटाच उभा राहून मोबाइलची कव्हरं विकणारा नवखा पोरगा कुणाच्याच तोंडी येत नाही, आणि पालिकेच्या गाडीपुढे सगळ्यात उघडा तोच असतो. २० जणांशी ओळख असलेल्याचं नाव ५ जणांशी ओळख असलेल्यापेक्षा साधारण चौपट वेळा पुढे येतं. म्हणून डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येकाला पुढच्यांना द्यायला मोजकीच कुपनं देतात आणि ओळखी किती तेही विचारतात. हिशेबात मग पहिल्याच्या उत्तराला दुसऱ्याच्या एक चतुर्थांश वजन मिळतं.

तरीही ज्याला कुणीच ओळखत नाही, तो कुठल्याच वजनाने सापडत नाही. त्याच्यासाठी वेगवेगळ्या वेळी पुलावर जाऊन स्वतःच विचारपूस करावी लागते.