एक रुपयाची काडेपेटी

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात चौदा वर्षं एक वस्तू अशी होती की जिची किंमत कुणी विचारत नसे. तेल, डाळ, चहापूड यांचे भाव महिन्यागणिक विचारून घ्यावे लागत. काडेपेटीसाठी मात्र गल्ल्यावर रुपया ठेवायचा आणि ‘माचिस’ म्हणायचं. ५० पैशांची पेटी २००७ साली एक रुपयाची झाली आणि १ डिसेंबर २०२१ पर्यंत ती एक रुपयाचीच राहिली.

याच काळात तिच्या खर्चात उलथापालथ झाली. त्यातली एक घटना मला फार बोलकी वाटते. १ एप्रिल २०२० पासून काडेपेटीवरच्या जीएसटीचे दर बदलले. यंत्रावर बनणाऱ्या पेटीचा कर १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर उतरला, तर हाताने बनणाऱ्या पेटीचा ५ वरून १२ टक्क्यांवर चढला. एकाचा बोजा हलका झाला, दुसऱ्याचा जड झाला. शाळेत शिकवतात त्या हिशेबाने पहिल्याने भाव उतरवायला हवा होता आणि दुसऱ्याने चढवायला. दुकानात दोन्ही पेट्या शेजारी शेजारी रुपयालाच विकल्या जात राहिल्या.

मोजकेच विक्रेते एकमेकांवर नजर ठेवून असतात त्या बाजाराला आपण अल्पाधिकार म्हणतो. अशा बाजारात भाव का गोठतात याचं एक उत्तर १९३९ साली दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे पुढे आलं. अमेरिकेत पॉल स्वीझी यांनी ते मांडलं. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच यांनी ३८ उद्योजकांना ‘तुम्ही भाव कसा ठरवता’ असं विचारून ते मिळवलं. उत्तराचा गाभा व्यापाऱ्याच्या मनातल्या धास्तीत आहे. मी भाव वाढवला तर शेजारी गप्प बसेल आणि माझी गिऱ्हाइकं उचलेल. मी भाव उतरवला तर मात्र तो दुसऱ्याच दिवशी उतरवेल, मग मला नवं गिऱ्हाईक फारसं मिळणार नाही. त्यामुळे त्याला दिसणारी मागणीची रेषा सरळ नसते. चालू भावाच्या वर ती सपाट धावते, कारण भाव जरा चढला की विक्री धाडकन पडते. खाली ती तीव्र उतरते, कारण भाव पाडूनही विक्री जेमतेम हलते. जिथे या दोन रेषा भेटतात तिथे कोपराला असतो तसा बाक येतो. म्हणून तिला बाकदार मागणी वक्र म्हणायचं.

आकडे घेऊन पाहू. ते मी समजुतीसाठी घेतले आहेत. काडेपेटीचा कारखानदार घाऊक व्यापाऱ्याला ६०० पेट्यांचं बंडल विकतो. समजा एका कंपनीचं बंडल ३०० रुपयांना जातं आणि आमच्या भागात महिन्याला १०० बंडलं खपतात. गल्ला ३०,००० रुपये. तिने एकटीने भाव ३१० केला, तर व्यापारी दुसरी छाप उचलतात आणि खप ८० वर येतो. गल्ला २४,८००. म्हणजे २० बंडलं कमी विकून ५,२०० रुपये गमावले, बंडलामागे २६०. उलट भाव २९० केला तर बाकीचेही २९० करतात आणि खप फक्त १०४ होतो. गल्ला ३०,१६०. जादा ४ बंडलांनी १६० रुपये आणले, बंडलामागे अवघे ४०.

शेवटच्या बंडलामुळे गल्ल्यात पडणाऱ्या भरीला सीमांत प्राप्ती म्हणतात. १०० व्या बंडलापर्यंत पोचताना ती २६० आहे आणि तिथून एक पाऊल पुढे टाकताच ४०. मध्ये काहीच नाही. भावातली पावलं दहाऐवजी अगदी लहान घेतली तर हे आकडे २५० आणि ५० वर येऊन स्थिरावतात, पण दरी उरतेच. कागदावर काढून पाहा: सीमांत प्राप्तीची रेषा डावीकडून उतरत येते, बाकाच्या बरोबर खाली तुटते, सरळ खाली पडते आणि तिथून पुन्हा उतरू लागते. मागणीची रेषा मोडली तरी सलग असते. सीमांत प्राप्ती मात्र त्या मोडीच्या उताराने ठरते आणि उतार तिथे एकदम बदलतो, म्हणून ही फट.

आता खर्च आणू. एक जादा बंडल बनवायला १५० रुपये लागतात असं धरा. भाव ३०० वर नफा १५,०००. ३१० वर १२,८००. २९० वर १४,५६०. जिथे आहोत तेच बरं. फॉस्फरस महागला, खर्च २२० झाला. ३०० वर नफा ८,०००. ३१० वर ७,२००. २९० वर ७,२८०. नफा निम्म्यावर आला तरी तोच भाव उत्तम. खर्च फटीच्या आत वरखाली झाला तर कारखानदार सोसतो किंवा कमावतो, किंमत हलवत नाही. खर्च २७० झाला की चित्र पालटतं: ३०० वर ३,०००, पण ३१० वर ३,२००. खर्च फटीच्या वर गेला की एकट्यानेही भाव वाढवणं परवडतं. जीएसटीचा तो बदल बहुधा या फटीत जिरला.

अर्थात सगळं श्रेय बाकाला देणं मला पटत नाही. एक रुपयाचं नाणं ही स्वतःच एक भिंत होती. सव्वा रुपयाची पेटी कोण विकणार? शिवाय किंमत तीच ठेवून आतल्या काड्या घटवता येतात. म्हणून भाव खरंच गोठला आहे का हे पाहायचं तर छापील किंमत वाचून भागत नाही, काड्या मोजाव्या लागतात. आणि काडेपेटीचे उत्पादक मोजके नाहीत. शिवकाशीच्या पट्ट्यात छोटे कारखाने पुष्कळ आहेत. अल्पाधिकार असतो तो दुकानाच्या फळीवर, जिथे दोन-तीनच छापा मावतात. आमच्या शेजारी अंबरनाथला विम्कोचा कारखाना होता, स्वीडिश मॅचने १९२३ साली काढलेल्या कंपनीचा. पेट्यांवर एका बड्या कंपनीची छाया असण्याचा तो काळ वेगळाच.

सिद्धांताची खरी अडचण २०२१ च्या भाववाढीत दिसते. तांबडा फॉस्फरस किलोला ४२५ रुपयांवरून ८१० वर गेला. मेण, पुठ्ठा सगळंच चढलं. तेव्हा एकेका कारखानदाराने धाडस केलं नाही. ऑक्टोबरात त्यांच्या पाच संघटना शिवकाशीत एकत्र बसल्या आणि १ डिसेंबरपासून पेटी दोन रुपयांची केली. सगळे एकदम चढले की ‘शेजारी गप्प बसेल’ ही धास्तीच उरत नाही, म्हणजे बाकच उरत नाही. जॉर्ज स्टिगलर यांनी १९४७ साली सिगारेट, मोटारगाड्या अशा उद्योगांचे जुने भाव तपासून हेच दाखवलं होतं: एकाने भाव चढवला की प्रतिस्पर्धी अनेकदा मागोमाग चढवत. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली: जिथे प्रतिस्पर्धीच नाही, म्हणून बाक असायचं कारण नाही, तिथेही भाव गोठलेले होते.

शिवाय ३०० हा भाव आला कुठून, हे बाक सांगत नाही. तो आलेला भाव टिकतो कसा एवढंच सांगतो. काडेपेटीच्या बाबतीत रुपया २००७ साली ठरला तो नाण्याने आणि संघटनेने. त्यानंतरची चौदा वर्षं मात्र प्रत्येक कारखानदार शेजाऱ्याकडे बघत बसला होता. आता आमच्या दुकानात दोन रुपयांची पेटी मिळते. तिच्यावरही कुणी किंमत विचारत नाही.