पंखा सांगतो पाच, मॉडेलला द्यायचे किती?

अमेरिकेतल्या मिनिआपोलिससारख्या कडाक्याच्या थंडीच्या शहरात घराची हवाबंदी तपासायची, तर मुख्य दाराच्या चौकटीत एक जाड कापडी पडदा ताणून बसवतात. पडद्याला भोक आणि भोकात ताकदवान पंखा. बाकीची दारं-खिडक्या लावून घेतल्या की पंखा घरातली हवा बाहेर ओढतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी ठेवायला किती हवा ओढावी लागली, तेवढी हवा फटींतून आत येत होती, असा हिशेब. याला ब्लोअर डोअर चाचणी म्हणतात.

समजा, ४०० घनमीटरचं दुमजली घर आहे आणि पंख्याने तासाला २००० घनमीटर हवा ओढली. म्हणजे घरातली हवा तासाला ५ वेळा बदलली. आता हा पाचाचा आकडा घराच्या वार्षिक वीज-गॅसचा अंदाज बांधणाऱ्या एनर्जी मॉडेलमध्ये जसाच्या तसा टाकला, तर हीटिंगचं बिल अवाच्या सवा येतं. कारण ५० पास्कल हा मुद्दाम निर्माण केलेला दाब आहे. वारा आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक मिळून एरवी घरावर जेमतेम चार-पाच पास्कल दाब पडतो. मग चाचणीच तेवढ्या दाबावर का करत नाहीत? कारण वाऱ्याच्या एका झुळकेनेही ते माप डळमळतं.

जुना ठोकताळा असा की पाचाला २० ने भागा. उत्तर येतं ०.२५, म्हणजे तासाला १०० घनमीटर. सोपं आहे, आणि वर्षाची ढोबळ सरासरी म्हणून वाईटही नाही. पण घर उंच असेल, उघड्या माळावर असेल, हवा फार थंड असेल, तर भाजक २० पेक्षा कमी घ्यावा लागतो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या मॅक्स शर्मन यांनी १९८७ साली या ठोकताळ्याला हवामान, उंची आणि आडोसा यांच्या दुरुस्त्या जोडल्या, त्या यासाठीच.

मला स्वतःला दुसरी वाट पटते: भागाकार सोडून फटींकडेच जायचं. गळती आणि दाब यांचं नातं असं असतं:

```
Q = C × ΔP^n
```

यातला `n` बहुतेक घरांत ०.६५ च्या आसपास असतो. चाचणी वेगवेगळ्या दाबांवर केली असेल, तर त्या घराचा खरा `n` मिळतो, आणि तोच वापरावा. तो ०.५ पेक्षा कमी किंवा १ पेक्षा जास्त आला, तर चाचणीतच गडबड आहे असं समजा: वारा सुटला असेल, नाहीतर मध्येच कुणी खिडकी उघडली असेल. ०.६५ धरून ५० वरून ४ पास्कलवर उतरलं की २००० चे साधारण ३८७ घनमीटर होतात. चार पास्कलला एवढी हवा आत सोडणारं एकच भोक केलं, तर ते ४१७ चौरस सेंटीमीटरचं, म्हणजे वीतभर लांब-रुंद असेल. घरभरच्या फटींची ही बेरीज झाली.

एनर्जीप्लस या सॉफ्टवेअरमध्ये हे ४१७ `ZoneInfiltration:EffectiveLeakageArea` या ठिकाणी भरतात. सोबत दोन गुणक: उबदार हवा वर चढण्याचा दुमजली घरासाठी ०.०००२९० आणि मध्यम आडोशाच्या घरासाठी वाऱ्याचा ०.०००२३१. पुढे तासागणिक गळती सॉफ्टवेअरच काढतं. बाहेर उणे १५, आत २० अंश आणि ताशी साडेचौदा किलोमीटरचा वारा असेल, तर गळती १७७ घनमीटर येते. बाहेर १५ अंश आणि वारा निम्मा असेल, तर फक्त ७३. ठोकताळ्याचे १०० दोन्ही दिवशी तेच. कडाक्याच्या दिवशी त्या फरकापोटी सुमारे ९०० वॅट उष्णता हिशेबातून गळते. हीटर केवढा घ्यायचा हे नेमकं अशाच दिवसावरून ठरतं.

पुष्कळ मॉडेलांत `ZoneInfiltration:DesignFlowRate` वापरतात. तिथे भरलेल्या दराला तापमान आणि वाऱ्याच्या गुणकांचा कंस गुणतो, आणि गुणक तसेच सोडले तर कंस सदैव १ राहतो. आपण दिलेला आकडा मग वर्षभर हलत नाही. उलट, कुठून तरी उचललेले गुणक भरले, तर दिलेला दर कोणत्या तापमानाला आणि वाऱ्याला लागू आहे ते तपासावंच लागतं. नाहीतर हवामान दोनदा मोजलं जातं. मॉडेल चाललं की निकालातली गळतीची वार्षिक सरासरी पाहावी. या घरासाठी ती ०.२ ते ०.५ च्या दरम्यान असेल तर ठीक. पाचाच्या आसपास दिसली, तर चाचणीचा आकडा न बदलता आत गेलाय.