जपानच्या पावतीवरचा टॅक्स म्हणजे आपला जीएसटी नव्हे

प्रतापगड, अर्जुनी मोरगावचा हा पट्टा धानाचा. तांदूळ गिरणीतली यंत्रं बनवणाऱ्या सातके कंपनीचं मुख्यालय जपानमधल्या हिगाशी-हिरोशिमात आहे. यंत्र पाहायला किंवा शिकायला गिरणीचा माणूस तिकडे गेला, तर परतल्यावर पावत्यांचा गठ्ठा लेखापालापुढे येतो आणि एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'टॅक्स वेगळा छापलाय ना, मग तो वेगळा धरा. जीएसटीत परत मिळेल.'

गैरसमज : पावतीवरची टॅक्सची ओळ वेगळी धरायची असते.

वस्तुस्थिती : या एका समजुतीतून दोन चुका होतात. पहिली बेरजेची. समजा, हिरोशिमातल्या उपाहारगृहात जेवण झालं. पावतीवर एकूण रक्कम, म्हणजे 'गोउकेइ', 2,200 येन आहे. तिच्याखाली कंसात 200 आहेत आणि शेजारी 'उची', म्हणजे 'त्यातला', असं चिन्ह आहे. हे 200 येन 2,200 मध्येच आहेत. तरी खर्चाच्या दाव्यात 2,400 लिहिले जातात. लिपी येत नसली तरी पडताळता येतं. जपानचा उपभोग कर साधारण 10 टक्के आहे, म्हणून करासकट रकमेला 11 ने भागा. 2,200 भागिले 11 म्हणजे 200. आकडा जुळला, तर कर आतच आहे. बांधून नेलेल्या खाद्यपदार्थांवर 1 ऑक्टोबर 2019 पासून 8 टक्क्यांचा सवलतीचा दर आहे, तिथे 13.5 ने भागा.

काही पावत्यांवर कर बाहेरून जोडलेला असतो : आधी उपबेरीज 2,000, मग कर 200, मग एकूण 2,200. मांडणी वेगळी असली तरी दाव्यात जाणारी रक्कम तीच, 2,200. त्याच पावतीवर त्याखाली 5,000 आणि 2,800 हे आकडेही असतील. ते 'ओआझुकारी' आणि 'ओत्सुरी', म्हणजे तुम्ही दिलेली नोट आणि परत मिळालेले सुटे. सगळ्यात मोठा आकडा म्हणून 5,000 चा दावा करणारे आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगावं लागतं.

दुसरी चूक जास्त महागाची : त्या 200 येनांवर इनपुट क्रेडिट मागणं. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 2(62) मध्ये 'इनपुट टॅक्स'ची व्याख्या आहे. तिच्यात केंद्रीय, राज्य, एकात्मिक आणि केंद्रशासित प्रदेशाचा कर येतो. आयात मालावर भारतात भरलेला एकात्मिक करही येतो. जपान सरकारच्या तिजोरीत गेलेला कर त्यात कुठेही नाही. मग तो भारत सरकारने का परत करावा? पावतीवर 'टी' अक्षर आणि त्यापुढे 13 अंक दिसतात, तो जपानी विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक. आपला जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. एकाच्या रकान्यात दुसरा भरू नका. परदेशी कर हा खर्चाचाच भाग आहे. जेवणावरचा जेवणात, खोलीवरचा निवासात धरायचा.

क्रेडिटचा प्रश्न येतो तो भारतात काढलेल्या विमान तिकिटावर, तेही बिलावर गिरणीचा जीएसटी क्रमांक असेल तर. गिरणी फक्त करमुक्त सुटा तांदूळ विकत असेल, तर तेही क्रेडिट मिळत नाही.

गैरसमज : हॉटेलच्या बिलातला निवास कर 'इतर कर' या सदरात टाकायचा.
नाही. टोकियोत 2002 पासून असा कर आहे; तो खोलीमुळेच लागतो, म्हणून निवास खर्चात. कपडे धुण्याचं शुल्क मात्र त्याच बिलातून वेगळं काढा.

गैरसमज : विमानतळावर सगळा कर परत मिळतो.
पर्यटकांची करसवलत देशाबाहेर नेलेल्या वस्तूंसाठी आहे. खाल्लेल्या जेवणासाठी आणि राहिलेल्या खोलीसाठी नाही.

गैरसमज : दावा करायच्या दिवशीचा येनचा दर लावायचा.
कार्डाने दिले असतील तर बँकेच्या विवरणातली रुपयांची रक्कम धरा. रोख असेल तर येन विकत घेतल्याच्या पावतीवरचा दर. कंपनीचा वेगळा लेखी नियम असेल तर तो पाळा.

गैरसमज : प्रत्येक पावतीचं नोटरी केलेलं भाषांतर लागतं.
कंपनीच्या नियमात तसं लिहिलेलं नसेल, तर प्रत्येक पावतीला एक चिठ्ठी पुरते : तारीख, ठिकाण, कशाचा खर्च, एकूण येन, त्यात समाविष्ट कर, रुपये.

पावत्या उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत पुसट होतात. म्हणून त्याच दिवशी फोटो काढा, चिठ्ठी लिहा, आणि दाव्याच्या रकान्यात फक्त 'गोउकेइ'ची रक्कम भरा.