शेवटचा क्रमांक किती?

दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या गिअरबॉक्सवर ओळीने क्रमांक असत. त्यांवरून एकूण उत्पादन किती, हे दोस्त राष्ट्रांच्या विश्लेषकांना काढायचे होते.

समजा, चार क्रमांक मिळाले : २३, ७१, १०८, १४०. मग रणगाडे १४० म्हणावेत का? सापडलेला सर्वांत मोठा क्रमांक खऱ्या शेवटच्या क्रमांकापुढे कधीच जात नाही. शेवटचाच रणगाडा हाती लागला, तर फार तर बरोबरी होते. म्हणजे चूक होते ती कमीच्याच बाजूला, आणि ती भरून काढणारी जास्तीची चूक कधी होतच नाही. म्हणून हा अंदाज सरासरीने कमीच पडतो.

उपाय न दिसलेल्या क्रमांकांत आहे. १४०पर्यंतचे १३६ क्रमांक चार फटींत विभागले गेले. सरासरी फट ३४. शेवटच्या क्रमांकापुढेही तेवढीच फट धरली, की उत्तर १७४.

ऑगस्ट १९४२च्या मासिक उत्पादनाचा अंदाज अशा रीतीने ३२७ आला. हेरखाते १५५० म्हणत होते. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत आकडा निघाला ३४२. मात्र कारखान्याने क्रमांक मध्येच सोडले असतील किंवा एकाच तुकडीचे रणगाडे हाती आले असतील, तर ही रीत फसते.