‘डिलिव्हर्ड’ म्हणजे नेमकं कुणाच्या दारात?

रविवारी सकाळी सव्वानऊला माझ्या मावसबहिणीच्या फोनवर मेसेज आला. ‘ताई, साडी अजून मिळाली नाही हो. मंगळवारी भाचीचं डोहाळजेवण आहे.’ बहीण इचलकरंजीत राहते आणि घरातूनच इरकली साड्या विकते. तिनं ट्रॅकिंग उघडलं, तर तिथं हिरव्या अक्षरांत ठसठशीत लिहिलेलं : शनिवार, रात्री ८.५१, डिलिव्हर्ड. साडी ४,६५० रुपयांची, ठाण्यातल्या चार विंगांच्या एका सोसायटीत पाठवलेली, पैसे आधीच जमा झालेले.

तिचं बोट स्क्रीनशॉटकडेच वळलं होतं. ‘इथं तर डिलिव्हर्ड दाखवतंय’ असं लिहून तो पाठवला की आपली बाजू स्पष्ट, असं तिला वाटत होतं. मी तिला थांबवलं. ग्राहकानं ते ट्रॅकिंग बहुतेक वेळा आपल्याआधी पाहिलेलं असतं. आपण तेच पुढं केलं की त्याचा अर्थ ‘तुम्ही खोटं बोलताय’ एवढाच उरतो, आणि जो माणूस आपल्याला पार्सल शोधायला मदत करणार असतो तोच भांडायला उभा राहतो.

‘डिलिव्हर्ड’ हा शब्द येतो कुठून, हे आधी समजून घेऊ. डिलिव्हरी बॉयच्या मोबाइलमध्ये त्या दिवसाच्या पार्सलांची यादी असते, तिला रनशीट म्हणतात. एकेक पार्सल देऊन तो बटण दाबत जातो आणि दाबलेलं बटण आपल्याला ट्रॅकिंगमध्ये दिसतं. यादी संध्याकाळपर्यंत रिकामी व्हावी असा हबचा तगादा असतो. त्यामुळं उरलेली दोन-चार पार्सलं ‘दिली’ म्हणून मारून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी खरोखर नेऊन द्यायची, असे प्रकार होतात. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास पडलेला शिक्का म्हणूनच जरा जपून वाचावा. पार्सल अजून त्या मुलाच्या पिशवीतही असू शकतं.

बहिणीनं मग त्या बाईंना फोन केला आणि चार गोष्टी विचारल्या. लेबलवरचा पत्ता वाचून दाखवला, तो बरोबर आहे का? काल रात्री घरी कोण होतं? अनोळखी नंबरवरून फोन येऊन गेलाय का? वॉचमनच्या केबिनमध्ये किंवा शेजारी चौकशी झाली का? पत्ता बरोबर होता. घरी कुणी नव्हतं, सगळे लग्नाला गेले होते. रात्री ८.४४ चा एक मिस्ड कॉल होता. केबिनमध्ये पार्सल नव्हतं. एवढ्यावरूनही एक गोष्ट कळली. मुलानं बटण दाबण्याआधी सात मिनिटं फोन केला होता, म्हणजे तो सोसायटीच्या आसपास पोचला असण्याची शक्यता बरीच होती.

पुढचं काम कुरिअरकडून पीओडी मागवणं. पीओडी म्हणजे पार्सल पोचवल्याचा पुरावा. तो फोनवर मागू नये, ई-मेलनं मागावा, कारण पुढं पैशांचा दावा करायची वेळ आली तर आपण कधी आणि काय कळवलं हे कागदावर लागतं. कुरिअरच्या अटींत अशा तक्रारीची मुदतही पुष्कळदा काही दिवसांचीच असते. मेल लांबलचक नको. बहिणीनं एडब्ल्यूबी नंबर देऊन लिहिलं, ‘डिलिव्हर्ड दाखवत आहे, परंतु घेणाऱ्यांना पार्सल मिळालेलं नाही. पीओडी, त्या वेळचं लोकेशन आणि फोटो पाठवावा.’ ग्राहकाला हा मेल करता येत असला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. कुरिअरशी करार विकणाऱ्याचा असतो, आणि ग्राहकाला ‘पाठवणाऱ्याशी बोला’ एवढंच उत्तर मिळतं.

सोमवारी दुपारी पीओडी आला. त्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली घेणाऱ्याचं नाव आणि सही. इथं नावाच्या जागी ‘सेल्फ’ होतं आणि सही म्हणजे बोटानं ओढलेली एक आडवी रेघ. अशी रेघ कसलाच पुरावा नव्हे. काचेवर बोटानं केलेल्या खऱ्या सह्याही पुष्कळदा अशाच दिसतात, त्यामुळं तिच्यावरून मुलगा खोटा ठरत नाही आणि ग्राहकही खोटा ठरत नाही.

दुसरी गोष्ट लोकेशन. बटण दाबलं त्या क्षणी फोन कुठं होता, त्याचे अक्षांश-रेखांश बऱ्याच कुरिअरांकडे नोंदलेले असतात. ते आकडे नकाशात टाकले की बिंदू दिसतो. बिंदू हबवर किंवा दोन किलोमीटर दूरच्या चौकात असेल, तर बटण दारात दाबलेलंच नाही. ही गोष्ट कुरिअरला नाकारता येत नाही आणि आपला दावा तिथंच मजबूत होतो. आमच्या बाबतीत बिंदू सोसायटीच्या आत होता. इथं पुष्कळ विक्रेते घाई करतात आणि ‘मुलगा तुमच्याच बिल्डिंगमध्ये होता’ असं ग्राहकाला सुनावतात. पण उंच इमारतींच्या गर्दीत फोनचं लोकेशन पाच-पंचवीस मीटर सहज सरकतं, आणि नकाशावरचा बिंदू मजला तर दाखवतच नाही. पहिला मजला आणि बारावा मजला त्याला सारखेच. लोकेशन चुकीच्या ठिकाणी असेल तर ते बरंच सांगतं. बरोबर ठिकाणी असेल तर फारच थोडं.

तिसरा होता फोटो. तपकिरी लॅमिनेटचं दार, प्लास्टिकच्या मोगऱ्याचं तोरण आणि कडेला चपलांचा लोखंडी रॅक. बहिणीनं तो त्या बाईंना पाठवला, सोबत एकच ओळ लिहून : ‘हे दार ओळखीचं वाटतंय का?’ उत्तर लगेच आलं. दार आमचं नाही, पण बाहेरची फरशी आमच्याच सोसायटीची आहे.

मग त्यांनी गेटवरचं रजिस्टर पाहिलं. शनिवारच्या पानावर, रात्री ८.३८, कुरिअर, डी ५०३. त्या राहतात बी ५०३ मध्ये. लेबल हातानं लिहिलेलं होतं आणि घाईत काढलेला इंग्रजी बी मधल्या रेघेशिवाय डी सारखा दिसत होता. डी ५०३ मधल्या आजींनी ‘सुनेनं काहीतरी मागवलं असेल’ म्हणून पार्सल घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं. सून गावाला गेलेली. साडी सोमवारी संध्याकाळी योग्य घरी पोचली, डोहाळजेवणाच्या आदल्या रात्री.

सगळ्याच गोष्टी अशा सुटत नाहीत. समजा फोटो नसता, लोकेशन नसतं आणि कुरिअरचं ‘आमच्याकडून डिलिव्हर्ड आहे, केस क्लोज’ एवढंच उत्तर आलं असतं. तेव्हा नुकसान कुणी सोसायचं? १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे, माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो प्रथमदर्शनी खरेदीदाराला दिल्यासारखाच मानला जातो. विक्रेत्यांच्या ग्रुपवर हे कलम अधूनमधून फिरत असतं. माझं मत विचाराल तर त्याच्या भरवशावर किरकोळ ग्राहकाशी वाद घालू नये. त्याच कलमात पुढं विक्रेत्यानं वाहतूकदाराशी केलेला करार वाजवी हवा अशीही अपेक्षा आहे. शिवाय कुरिअर निवडलेलं आपण, लेबल चिकटवलेलं आपण. ग्राहक आयोगापुढं गेल्यावर ‘पार्सल माझ्या हातातून सुटलं होतं’ हे सांगणं जड जातं.

म्हणून एक तारीख ठरवून ग्राहकाला आधीच सांगावी. आमच्याकडं ती सात दिवसांची आहे. तेवढ्यात पार्सल सापडलं नाही, तर दुसरी साडी किंवा पैसे परत, कुरिअरशी भांडण आपण नंतर करायचं. मात्र त्याआधी ग्राहकाकडून लेखी घ्यावं की अमुक नंबरचं पार्सल मला किंवा माझ्या घरच्या कुणाला मिळालेलं नाही, आणि पुढं मिळालं तर मी कळवीन. कुरिअरच्या दाव्याला हा कागद कामी येतो. खरोखर पार्सल न मिळालेला माणूस सही करायला सहसा कुरकुर करत नाही. पार्सल घेऊन बसलेला कधीकधी इथंच गप्प होतो. पण तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. सही करायला बिचकणारी साधी माणसंही असतात.

कुरिअरकडून येणारी भरपाई मात्र फारशी नसते. विमा काढला नसेल तर बहुतेकांच्या अटींत जबाबदारीला ठरावीक मर्यादा घातलेली असते. स्पीड पोस्टचा नियम तर असा की पार्सल हरवल्यास टपालखर्चाच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळतं. शंभर रुपयांच्या टपालावर गेलेल्या साडीचे म्हणजे दोनशे. पोस्टाची एक सोय अशी की पार्सल ज्या बटवडा कार्यालयातून निघतं, तिथं ग्राहक स्वतः जाऊन त्या बीटच्या पोस्टमनला विचारू शकतो.

ग्राहकानं कार्डानं पैसे दिले असतील तर तो थेट बँकेकडं चार्जबॅक मागू शकतो. व्हिसाच्या नियमांत ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीला १३.१ हा क्रमांक आहे. तिथं विक्रेत्याला ठरलेल्या मुदतीत पुरावा द्यावा लागतो, आणि माल ठरलेल्या पत्त्यावर कार्डधारकाला किंवा त्यानं नेमलेल्या माणसाला मिळाला, हे त्यातून दिसावं लागतं. नुसता ‘डिलिव्हर्ड’चा स्क्रीनशॉट इथं लंगडा पडतो. बिल, बोलणं आणि पत्त्याशी जुळणारा पीओडी एकत्र जोडावा. आणखी एक : चार्जबॅक सुरू झाल्यावर दया येऊन वेगळे यूपीआयनं पैसे पाठवू नयेत. बँकेनंही परत केले तर एकाच साडीचे दोनदा जातात. बहिणीच्या एका मैत्रिणीचे असेच गेले आहेत.

या सगळ्या शोधाशोधीपेक्षा ओटीपी स्वस्त पडतो. घेणाऱ्यानं नंबर सांगितल्याशिवाय डिलिव्हरी पुरी होत नाही अशी सोय बऱ्याच कुरिअरांकडं आहे, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टातही ५ रुपये आणि वर जीएसटी भरून ती घेता येते. तिलाही मर्यादा आहे. मुलगा फोनवरच ओटीपी विचारतो आणि लोक कामाच्या गडबडीत सांगून मोकळे होतात. त्यामुळं बहीण आता पाठवतानाच मेसेज करते, ‘पार्सल हातात पडल्याशिवाय ओटीपी सांगू नका.’ तीन हजारांवरच्या साडीला ओटीपी, दहा हजारांवरच्या साडीला विमा, आणि लेबल छापलेलं, विंगचं अक्षर देवनागरीतही लिहिलेलं.

आणि तुमच्या घरी कपाटावर कुणा दुसऱ्याच्या नावाचं पार्सल पडून असेल, तर कृपा करून लेबलवरच्या पाठवणाऱ्याच्या नंबरावर आजच एक फोन करा.