१/३ मोठा की १/४?

चौथीतली मुलगी १/४ हा १/३ पेक्षा मोठा म्हणते, कारण चार तीनपेक्षा मोठे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या स्लाइडवर पियाजे आणि व्हिगॉट्स्की शेजारी-शेजारी असतात, पण या चुकीपाशी दोघांच्या वाटा खरोखर वेगळ्या होतात.

पियाजेच्या मते साधारण सात ते अकरा वर्षांचे मूल हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधारे तर्क करते. म्हणून तिला सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्याव्यात. एकीचे तीन, दुसरीचे चार समान भाग तिने स्वतः घडी घालून करावेत आणि एकेक भाग शेजारी ठेवावा. अपेक्षा आणि समोरचा कागद जुळत नाहीत, तेव्हा ती विचार बदलते.

व्हिगॉट्स्कीचा भर संवादावर आहे. “एक भाकरी तिघांत वाटली तर वाटा मोठा, की चौघांत?” असे शिक्षिका विचारते, जोडीदाराला कारण सांगायला लावते आणि हळूहळू मदत काढून घेते.

समज पक्की झाली का, हे २/३ आणि ३/४ विचारून कळते. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ एवढेच पाठ केलेले मूल इथे चुकते. वर्गात आधी पट्टी, मग प्रश्न, हा क्रम उपयोगी ठरतो.